मदत हवी आहे: मित्राला उर्दूत माफीचं पत्र लिहायचंय, मसुदा तपासून द्याल का?

उद्यमनगरचा

नमस्कार. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथचा छोटा कारखाना आहे. माझा एक मित्र मालेगावचा. युनिव्हर्सिटीत शिकताना आम्ही दोन वर्षं एका खोलीत राहिलो. त्याचं शिक्षण उर्दू माध्यमातलं, आता तो तिकडेच शाळेत उर्दू शिकवतो. रात्री जेवण झालं की पाटीसारखा एक पुठ्ठा घेऊन त्यानं मला अलिफ़-बे शिकवलं. नंतर तो गावी गेल्यावर आम्ही एकमेकांना उर्दूतच पत्रं लिहायचो. माझ्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून तो माझंच पत्र परत पाठवायचा. म्हणून हे पत्र मला उर्दूतच लिहायचंय.

घडलं ते असं. मशीनच्या कर्जाचे माझे हप्ते थकले होते. हे मी फक्त त्याला सांगितलं होतं, निदान माझी तशी समजूत होती. मार्चमध्ये माझ्या दोन गिऱ्हाइकांनी तोंडावर विचारलं, "कारखाना विकताय म्हणे?" त्या रागात मी आमच्या जुन्या मित्रांच्या अकरा जणांच्या ग्रुपवर त्याचं नाव घेऊन लिहिलं की माझी अडचण यानं गावभर केली. त्यानं उत्तर दिलं नाही, ग्रुप सोडला. मला वाटलं, खरं आहे म्हणूनच गप्प बसला. गेल्या महिन्यात कळलं, बातमी माझ्या चुलतभावाकडून बाहेर गेली होती. बँकेची नोटीस त्यानं घरी वाचली होती.

मसुदा देवनागरीत देतो, हातानं मात्र उर्दू लिपीतच लिहिणार आहे:

"जनाब-ए-मोहतरम, आदाब। गुज़िश्ता दिनों हमारे दरमियान एक ग़लतफ़हमी पैदा हो गई थी। मैं इसका ख़ुलासा करना चाहता हूँ। अगर मेरे अल्फ़ाज़ से आपको तकलीफ़ पहुँची हो तो मैं दिलगीरी का इज़हार करता हूँ। मेरी आपसे कोई तकरार नहीं।"

यात काय चुकतंय? वाचताना मलाच परकं वाटतंय, पण नेमकं कुठे ते कळत नाही.

शायरमिजाज

मसुदा चांगला आहे, थोडा भरदार करा. उर्दू पत्रात सुरुवातीचे अल्काब, म्हणजे मायन्यातले मानाचे शब्द, भारदस्त लागतात, दोन-तीन तरी हवेत. 'आप' बरोबर आहे, माफी मागताना 'तुम' उद्धट वाटेल. 'दिलगीरी'ऐवजी 'माज़रत' लिहा, उर्दूत तोच शब्द चालतो. आणि शेवटी एक शेर टाका, त्याशिवाय उर्दू पत्र कोरडं लागतं.

कळंब्याची

माझंही असंच झालंय हो. नणंदेच्या मुलाच्या मुंजीला आम्ही गेलो नाही, कारण आमंत्रण दुसऱ्याच नंबरवर गेलं होतं. आता दोन वर्षं बोलणं बंद आहे. मी मराठीत पत्र लिहून ठेवलंय, पाठवायचा धीर होत नाही. तुमचं पत्र तयार झालं की इथे पूर्ण टाका, मला नमुना होईल.

पेठेतला

भावा, माफीनामा स्टँपवर करणार असशील तर नोटरी लागंल. अन् मराठीत कर, कोर्टात उर्दू कोण वाचणार?

उद्यमनगरचा

@पेठेतला कोर्टाचं काही नाही हो, मित्राला घरगुती पत्र आहे.

मिरजेच्या बाई

मी एकतीस वर्षं शाळेत उर्दू शिकवलं. तुमचा मसुदा परका वाटतो याचं कारण तो मराठी आहे. शब्द उर्दूसारखे दिसतात, पण त्यातल्या तिघांचे अर्थ आपल्या मराठीतले आहेत. तुमचा मित्र मालेगावचा, मराठी समजणारा, म्हणून अंदाजानं ओळखेलही. पण उर्दू शिक्षकाच्या डोळ्याला ते खुपेल.

'ख़ुलासा' बघा. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. उर्दूत ख़ुलासा म्हणजे सारांश. तुमचा मित्र वर्गात मुलांना धड्याचा ख़ुलासा लिहायला सांगत असेल. तुमच्या वाक्याचा अर्थ होतो, "झालेल्या गैरसमजाचा मी सारांश सांगू इच्छितो." स्पष्टीकरणाला 'वज़ाहत' म्हणतात. पण तोही शब्द इथे नको, कारण पुढे सांगते.

'दिलगीरी' त्याहून अवघड. दिलगिरी व्यक्त करणे ही मराठीची घडण. उर्दूत दिलगीर म्हणजे खिन्न, उदास. "मी उदासी व्यक्त करतो" असं लिहिलंत तर माफी कुठे मागितली? आणि 'तकरार' उर्दूत भांडण, वादावादी. तुम्हाला म्हणायचंय, माझी काही तक्रार नाही. तिथे 'शिकायत' हवा. पण मुळात अन्याय तुम्ही केलात, मग तुमची तक्रार नाही हे त्याला सांगायचं कशाला? ते वाक्य काढाच.

@शायरमिजाज, 'माज़रत' चुकीचा नाही. सभेला उशीर झाला, फोन उचलता आला नाही, तिथे शोभतो. पण त्याच्या मुळाशी 'उज़्र' आहे, म्हणजे सबब. जिवाभावाच्या माणसाचं मन दुखावलंत तिथे तो कार्यालयीन लागतो. फारसीतली म्हण उर्दूतही चालते, उज़्र-ए-गुनाह बदतर अज़ गुनाह, गुन्ह्यापेक्षा त्याची सबब वाईट. वज़ाहत नको म्हणाले ते यासाठीच. चुलतभावाचं पुराण एका ओळीच्या पुढे नेऊ नका.

शायरमिजाज

बाई, माज़रतचं पटलं. पण 'तुम'? माफी मागणाऱ्यानं वाकायला नको का?

मिरजेच्या बाई

वाकायचं, पण लांब उभं राहून नाही. ज्याला तुम्ही वर्षानुवर्षं 'भावा' म्हणता तो एके दिवशी तुम्हाला "आपण बसावे" म्हणाला, तर काय वाटेल? रुसला असंच ना? उर्दूत 'तुम'वरून अचानक 'आप'वर येणं तसंच आहे. मित्र आधीच दुखावलेला, त्यात वरून हा तकल्लुफ़. 'जनाब-ए-मोहतरम' तर मुख्याध्यापकांच्या अर्जात शोभतं.

उद्यमनगरचा, तुमची जुनी पत्रं असतील तर काढा. त्यात सुरुवात कशी करत होता, सलाम की आदाब, नाव घेऊन की टोपणनावानं, तेच आताही लिहा.

उद्यमनगरचा

आहेत बाई, पत्र्याच्या पेटीत. तो 'प्यारे भाई, सलाम' लिहायचा, मीही तेच. आणि आमच्यात 'तुम'च होतं. मसुद्यात 'आप' कधी आलं ते मलाही कळलं नाही.

शब्दवेल्हाळ

उर्दू मला जुजबी येतं, पण एक व्याकरणाची गोष्ट बोलतो. "ग़लतफ़हमी पैदा हो गई थी" यात करणारा कुणीच नाही, जशी पावसाळ्यात शेवाळ येते तशी ती आली. मराठीत आपणही "गैरसमज झाला" म्हणून सुटतो. उर्दूत 'मैंने' लिहिलं की पुढे क्रियापद सांगावंच लागतं, मैंने शक किया, मैंने इल्ज़ाम लगाया. आणि "अगर तकलीफ़ पहुँची हो" मधला 'अगर' काढा. तो ग्रुप सोडून गेला, म्हणजे तकलीफ़ पोचलीच आहे.

मिरजेच्या बाई

अगदी बरोबर. अजून एक बारकावा. "मुझे माफ़ कर दो" म्हटलं की ते आत्ताच्या आत्ता मागितल्यासारखं होतं. "हो सके तो माफ़ कर देना" यात क्रियापदाचं 'देना' रूप त्याला वेळ देतं, आज नाही तर उद्या, तुझ्या सवडीनं. दुखावलेल्या माणसाला हेच लिहावं.

उद्यमनगरचा

रात्री बसून पुन्हा लिहिलं. बघा:

"प्यारे भाई, सलाम।

मार्च में मैंने सब दोस्तों के सामने लिखा था कि मेरे क़र्ज़ की बात तुमने फैलाई। यह बात ग़लत थी। मैंने तुमसे पूछा तक नहीं और नाहक़ तुम पर इल्ज़ाम लगा दिया। अब मालूम हुआ कि बात मेरे ही घर से निकली थी। मालूम न होता, तब भी मुझे पहले तुमसे पूछना चाहिए था।

तुम ख़ामोश रहे और मैं उस ख़ामोशी को क़ुसूर का इक़रार समझता रहा। इस पर सबसे ज़्यादा शर्मिंदा हूँ। जिसने मुझे यह ज़बान सिखाई, उसी के ख़िलाफ़ मैंने अपनी ज़बान चलाई।

मैंने तुम्हारा दिल दुखाया है। हो सके तो माफ़ कर देना। जवाब की कोई जल्दी नहीं।

तुम्हारा"

मिरजेच्या बाई

हे पत्र झालं. 'नाहक़' फार चांगला निवडलात, तो मराठीत आणि उर्दूत एकाच अर्थानं नांदतो. ज़बानवाली ओळ मी वर्गात असते तर कदाचित खोडली असती, थोडी सजवलेली वाटते. पण ती तुमच्या दोघांमधली आहे, तुम्हीच ठरवा.

शायरमिजाज

ती ओळ ठेवा! शेराची गरज तिनंच भागवली.

शब्दवेल्हाळ

एक राहिलं. आरोप अकरा जणांपुढे केलात, माफी एकट्याला पाठवताय. बाकीच्यांच्या मनात तो अजून चुगलखोरच आहे. ग्रुपवरही दोन ओळी लिहायला हव्यात, आणि त्या पत्राच्या आधी.

मिरजेच्या बाई

लिहायला हव्यात हे खरं. आधी की नंतर, इथे माझं मत वेगळं आहे. तो ग्रुपमध्ये नाही, त्याला ते दुसऱ्या कुणाकडून कळेल, म्हणजे पुन्हा त्याच्यामागे त्याच्याबद्दल बोलणं झालं. आधी पत्र पोचू दे, त्यात "सब के सामने भी लिखूँगा" अशी एक ओळ घाला.

शब्दवेल्हाळ

पण मग ती अट घातल्यासारखी नाही का होणार? त्यानं "लिहू नको, विषय वाढवू नको" म्हटलं तर?

पेठेतला

ते कायबी असू दे. मी म्हणतो पत्र हातात घेऊन जा की. गाडी काढ, सकाळी निघ. पोस्टानं चार दिवस जातील.

उद्यमनगरचा

जायचं मनात आहे. पण दारात उभं राहिलं की त्याला घरात घ्यावंच लागेल, तसाच स्वभाव आहे त्याचा. मला त्याच्यावर तशी बळजबरी करायची नाही. पत्र पोस्टानंच पाठवतो. ग्रुपचं अजून ठरत नाही, शब्दवेल्हाळ म्हणतात तेही खरं वाटतंय. चुलतभावाचं नाव कुठेच घेणार नाही.

बाई, आता लिपीतलं विचारतो. 'माफ़'मध्ये ऐन हे अक्षर आहे ना? मी ते नेहमी विसरायचो, मित्र लाल शाईनं घालायचा.

मिरजेच्या बाई

आहे. मीम, ऐन, अलिफ़, फ़े. बोलताना ऐकू येत नाही म्हणून शिकणाऱ्यांचा हटकून सुटतो. 'ग़लत'च्या शेवटी तोए, साधा ते नाही. 'नाहक़'मधला ह बड़ी हे. आणि 'ज़'साठी उर्दूत चार अक्षरं आहेत, तिथे जपा. 'क़र्ज़'चा ज़ ज़्वादनं लिहायचा, 'इल्ज़ाम'चा ज़ेनं.

उद्यमनगरचा

'इल्ज़ाम' मी ज़्वादनं लिहून बसलो होतो. नवा कागद घेतो.