मदत हवी आहे: पाण्यात तरंगणाऱ्या पाइपचा आवर्तकाल सूत्राशी जुळत नाही

सई_कळवा
एफवायबीएस्सीचा प्रोजेक्ट आहे, सोमवारी दाखवायचाय. सिलिंडर पाण्यात दाबून सोडला की वरखाली होतो, ते एसएचएम आहे हे सिद्ध करायचं आणि आवर्तकाल काढायचा. नोट्समध्ये T = 2π√(h/g) दिलंय. मी पाइप घेतला, वाळू भरली, मोजलं. सूत्राने १.१० सेकंद येतात, प्रत्यक्षात ०.९३. इतका फरक कसा येईल? घर्षण म्हणावं तर वेळ वाढायला हवा ना, इथे उलट कमी येतोय. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा, प्लीज.

सुहास_वर्तकनगर
दोरीची लांबी टांगलेल्या टोकापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. बहुतेक मुलं गोळ्याच्या वरच्या कडेपर्यंतच मोजतात. ते आधी बघ. आणि कोन लहान ठेव.

सई_कळवा
काका, दोरी नाहीये. लंबक नाही, तरंगणारा पाइप आहे.

प्रयोगवही
सई, पाइपची बाहेरची जाडी किती, वजन किती, एकूण लांबी किती आणि पाण्यात स्थिर उभा असताना त्यातला किती भाग बुडतो? कशात तरंगवलास? आणि ०.९३ कसं काढलंस, एकच दोलन मोजून की अनेक? हे सगळं लिही, मग बोलता येईल.

ऐरोलीकर
बादलीत केलंय का? मग तिथेच घोळ आहे. पाइप खाली गेला की बादलीतलं पाणी वर चढतं, म्हणजे पाइप धरलाय त्यापेक्षा जास्त बुडतो. जास्त बुडला की जास्त जोर, जोर जास्त की आवर्तकाल कमी. तलावपाळीवर जाऊन करून बघ, लगेच फरक दिसेल. मी मेकॅनिकलचा आहे.

सई_कळवा
@प्रयोगवही पीव्हीसी पाइप, बाहेरचा व्यास ४० मिमी, लांबी ३० सेंमी. खालचं तोंड एम-सीलने सपाट बंद केलंय. वाळूसकट वजन २५० ग्रॅम, किचनच्या काट्यावर. आंघोळीची बादली, तोंड साधारण २८ सेंमी. ५ दोलनांना ४.६५ सेकंद, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर. बुडालेला भाग वेगळा मोजला नाही, पण पाइपचा बराचसा भाग आतच असतो. h म्हणजे उंची ना? म्हणून ३० घेतले.

प्रयोगवही
मुद्दा इथेच आहे. त्या सूत्रातली लांबी ही स्थिर असताना बुडालेली लांबी असते, पाइपची पूर्ण लांबी नाही.

पाइप शांत उभा असताना त्याचं वजन आणि पाण्याचा वरचा रेटा बरोबरीत असतात. हा हिशेब एकदा मिटला की वजन पुन्हा आणायचं नाही. बरीच मुलं दोलन चालू असताना mg परत समीकरणात घालतात आणि मग ते जात नाही म्हणून अडकतात. आता तू पाइप x इतका आणखी दाबलास. जादा बाजूला सरलेलं पाणी A·x, त्याचं वजन ρAgx, आणि तेवढाच जादा रेटा वर. म्हणजे m·a = −ρAgx. पाइपचं वस्तुमान सुरुवातीला बाजूला सरलेल्या पाण्याइतकंच, m = ρAL. भागाकार कर: a = −(g/L)x. विस्थापनाच्या प्रमाणात आणि उलट दिशेने, म्हणजे सरल आवर्त गती. T = 2π√(L/g).

इथे लंबकासारखं लहान कोनाचं गृहीतक घ्यावं लागत नाही. पाइपच्या भिंती सरळ आहेत, म्हणून दर सेंटिमीटरला रेटा सारखाच वाढतो. फक्त वरचं टोक बुडता कामा नये आणि तळ पाण्याबाहेर यायला नको.

तुझे आकडे: तळाचं क्षेत्रफळ १२.५७ चौ. सेंमी. २५० ग्रॅमला १९.९ सेंमी बुडायला हवं. पट्टी लावून बघ, तेवढंच येईल. मग T = ०.८९५ सेकंद. आता तुझं ०.९३ सूत्रापेक्षा थोडं जास्त आहे.

सई_कळवा
पट्टीवर २० आलं! पण मग ०.९३ आणि ०.८९५ हा फरक कशाचा? आता घर्षण म्हणू का?

कोपरखैरणे_सेक्रेटरी
आमच्या इमारतीच्या टाकीतला बॉलकॉक अगदी असाच नाचतो. पाणी भरत आलं की खटखट चालू, वरच्या मजल्यावरचे रात्री झोपत नाहीत. प्लंबर म्हणतो दांडी वाकवा. इथे एवढे जाणकार आहेत म्हणून विचारतो, दांडी वाकवून फरक पडेल का?

ऐरोलीकर
@सेक्रेटरी दांडी वाकवून फक्त पाण्याची पातळी बदलेल. येणाऱ्या पाण्याने टाकीत लाटा उठतात, त्या फ्लोटला हलवतात. इनलेटला खाली जाणारा पाइप लावा, पाणी पातळीखाली सोडा.

सई, बादलीचं मी वर लिहिलंय ते विसरू नकोस.

प्रयोगवही
घर्षणाने आवर्तकाल किंचित वाढतो खरा, पण दोलनं ५-६ दिसत असतील तर ती वाढ मोजण्यात येणार नाही. मोठं कारण वेगळं आहे. पाइप खाली-वर होताना तळाखालचं पाणीही सोबत हलवावं लागतं. ते पाणी पाइपचा भाग नाही, पण त्यालाही वेग द्यावा लागतो, म्हणजे वस्तुमान वाढल्यासारखं होतं. रेटा मात्र तेवढाच राहतो. सपाट गोल तळासाठी त्याचा अंदाज ⁴⁄₃ρr³ धरतात. तुझी त्रिज्या २ सेंमी, म्हणजे जवळपास ११ ग्रॅम. २५० च्या जागी २६१ धर, T = ०.९१ येतं.

उरलेल्यासाठी आधी तुझं मोजमाप बघ. बोटाने स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे सहज होतात. ५ दोलनांवर वाटले तरी ०.०४ चा फरक. मोबाइलवर व्हिडिओ काढ आणि फ्रेम मोज.

ऐरोलीकर
मॅडम, बादलीवर तुम्ही काहीच बोलला नाहीत. बादलीचं क्षेत्रफळ S धरलं तर पाइप x खाली गेल्यावर तो पाण्यात x·S/(S−A) इतका बुडतो. हे चूक आहे का?

प्रयोगवही
हे बरोबर आहे. पण गोष्ट अर्धी आहे. पाणी वर चढतं असं तुम्हीच म्हणता, मग ते चढताना हलणारच. पाइपभोवतीचं पाणी पाइपच्या वेगाच्या A/(S−A) पट वेगाने वर येतं. L इतक्या खोलीच्या त्या पाण्याची गतिज ऊर्जा मांडा, पाइपच्या ऊर्जेत मिळवा. एकूण वस्तुमान ρAL·S/(S−A) होतं. रेट्यातही हाच गुणक, वस्तुमानातही हाच. भागाकारात दोन्ही जातात आणि T पुन्हा 2π√(L/g).

सईच्या बादलीत हा गुणक मुळात २ टक्क्यांचाच आहे, आणि तोही असा कटतो.

ऐरोलीकर
कागदावर कटत असेल. बारीक मेजरिंग सिलिंडरमध्ये पाइप सोडून बघा, दोन हेलकाव्यांत थांबतो. तिथे तुमचा हिशेब कुठे जातो?

प्रयोगवही
तिथे फट अरुंद, पाणी फार वेगाने घासत जातं, त्यात ऊर्जा संपते. म्हणून थांबतो. वेळ कमी होतो म्हणून नव्हे. शिवाय मी तळाखालचं पाणी या हिशेबात धरलेलं नाही, अरुंद भांड्यात तेही महत्त्वाचं ठरतं. तेव्हा मेजरिंग सिलिंडरसाठी मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. बादलीसाठी सांगते.

दिवाळे_कोळीवाडा
हा धागा वाचून मजा आली. होडीत माल भरला की ती खाली बसते आणि तिचं वरखाली होणं संथ होतं, हे आम्ही लहानपणापासून बघतो. रिकामी होडी कशी तडतड नाचते. त्याचं कारण हेच का? आणि खाडीच्या खारट पाण्यात सूत्र बदलेल का?

प्रयोगवही
हो, कारण हेच. माल भरला की बुडालेली खोली वाढते, म्हणून वेळ वाढतो. एक मीटर बुडालेल्या सरळ भिंतींच्या पेटीला सूत्र २ सेकंद देईल. खऱ्या होडीला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, कारण रुंद तळाखाली पाणीही भरपूर हलतं. सईच्या पाइपात ते ४ टक्के आहे, होडीत ते होडीच्या वजनाच्या बरोबरीलाही जाऊ शकतं.

खाऱ्या पाण्यात सूत्र तेच, L बदलतो. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा २-३ टक्के जड, म्हणजे सईचा पाइप अर्धा सेंटिमीटर वर उचलला जाईल आणि वेळ एखाद्या टक्क्याने कमी होईल. तिच्या स्टॉपवॉचला ते कळणार नाही.

घणसोली_फिजिक्स
सई, एकच मोजमाप देऊन सर मान्य करणार नाहीत. वाळू कमी-जास्त कर. L दहा सेंमीपासून वीसपर्यंत ने, T² आणि L चा ग्राफ काढ. सरळ रेषा आली की काम झालं. मी बारावीला हेच केलं होतं, टेस्ट ट्यूब घेऊन.

सई_कळवा
वाळू अर्धी काढली तर पाइप सरळ आडवाच पडला. दोनदा केलं. टेस्ट ट्यूब कशी उभी राहिली तुमची?

घणसोली_फिजिक्स
आम्ही छर्रे घातले होते. आणि ट्यूब लहान असते.

प्रयोगवही
आडवा पडणारच. रिकाम्या पाइपचं वजन त्याच्या मध्यावर, १५ सेंमीवर आहे. तळाची वाळू ते खाली खेचून धरते. वाळू काढलीस की वजनाचा मध्य वर गेला, आणि बुडालेली लांबी कमी झाल्याने रेट्याचा मध्य खाली आला. इतक्या बारीक पाइपात वजनाचा मध्य रेट्याच्या मध्याच्या वर गेला की तो उभा राहत नाही.

तू उलट्या दिशेने जा. वाळू वाढव. L २०, २२, २४, २६ कर. दर २ सेंमीला २५ ग्रॅम लागतील. वर ४ सेंमी तरी मोकळे ठेव आणि दाबताना २ सेंमीपेक्षा जास्त दाबू नकोस. वाळूवर कापूस घट्ट बसव, नाहीतर ती आत सरकते आणि पाइप डोलतो. दाबताना मधोमध दाब. तिरका सोडलास तर वरखाली आणि डोलणं एकमेकांत मिसळतं. डोलणाऱ्या व्हिडिओतले आकडे घेऊ नकोस.

रेषेचा चढ 4π²/g, म्हणजे मीटरला ४.०३ यायला हवा. आणि रेषा शून्यातून जाणार नाही. मागे वाढवलीस तर ती L च्या अक्षाला शून्याच्या डावीकडे, ०.८५ सेंमीच्या आसपास कापायला हवी. ते ११ ग्रॅम पाणी म्हणजे या पाइपाला तेवढीच जादा लांबी. ग्राफ शून्यातून ओढून बसवू नकोस, तुझ्या प्रोजेक्टमधली सर्वात बघण्यासारखी गोष्ट तीच आहे.

सई_कळवा
केलं. व्हिडिओ ३० फ्रेमचा आहे. २० सेंमीला ५ दोलनं १३८ फ्रेममध्ये, म्हणजे ०.९२. २६ ला १.०४. मधले दोन्ही रेषेवर आले. चढ ३.९ आला. पण रेषा डावीकडे दीड सेंमीवर कापते, ०.८५ वर नाही. हे चुकलं का?

प्रयोगवही
चढ छान आहे, त्यातून g दहाच्या आसपास येतो. कापण्याच्या जागेवर फार विसंबू नकोस. तुझे बिंदू २० ते २६ मध्ये आहेत आणि रेषा २० सेंमी मागे ताणायची आहे. एका वेळेत ०.०१ सेकंद इकडेतिकडे झाले तरी ती जागा सेंटिमीटरभर सरकते. शिवाय ०.८५ हाही अंदाजच, बादलीच्या तळाचा परिणाम त्यात नाही. दोन्ही आकडे लिही आणि ही मर्यादाही लिही. शून्यापासून डावीकडे कापते, एवढं मात्र ठामपणे म्हण.

ऐरोलीकर
दीड सेंमी तुमच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट आहे. मला अजूनही वाटतं बादलीचा तळ आणि भिंती यात आहेत. सई, पाण्याच्या मोठ्या पिंपात तोच पाइप, तेवढीच वाळू घेऊन एकदा कर.

प्रयोगवही
हे मान्य. पाइपच्या खाली दोन वीत तरी पाणी राहील असं पिंप घे.

कोपरखैरणे_सेक्रेटरी
इनलेटचा पाइप खाली सोडायला प्लंबर उद्या येतोय. कळवतो.

सई_कळवा
शेजाऱ्यांकडे २०० लिटरचं निळं पिंप आहे. सकाळी पाणी आलं की भरते आणि २० सेंमीचं मोजमाप परत घेते.