दरपत्रकाच्या फोटोवरून बिलाची शीट: 'पाव किलो'चा दर कसा मांडावा?

शुभांगी: सासऱ्यांच्या किराणा दुकानातील छापील दरपत्रकाचा फोटो काढून तो गूगल ड्राइव्हमध्ये गूगल डॉक्सने उघडला, तेव्हा मजकूर बऱ्यापैकी उतरला. आता कोड टाकताच नाव, एकक आणि दर यावेत, अशी बिलाची शीट मला करायची आहे. अडचण एककांची आहे. तूरडाळ किलोला 160 रुपये आणि पाव किलोला 42 रुपये अशी लिहिली आहे, म्हणजे चार पावांचे 168 होतात. या दोन्हींना एकच कोड द्यावा का? शिवाय जेथे 'वरीलप्रमाणे' अशी खूण होती, तेथे एककाचा रकाना रिकामा आला आहे.

विनायक: एकच कोड ठेवावा, दर किलोचा घ्यावा आणि नग लिहितात त्या जागी 0.25 लिहावे. यादी निम्म्याने लहान होते.

मेधा: विनायकराव, तसे केल्यास पाव किलोचे 40 रुपये लागतील, दुकानदार 42 घेतो. सुटे विकताना दर चढा ठेवलेला असतो, म्हणून तो किलोवरून काढता येत नाही. शुभांगीताई, TUR1K आणि TUR250 असे दोन कोड करा व प्रत्येकापुढे एकक वेगळे लिहा. कोडची सुरुवात अक्षराने असावी, कारण 001 लिहिल्यास शीट त्याला संख्या समजून 1 करते. Rates नावाच्या शीटमध्ये A ते D रकान्यांत कोड, नाव, एकक आणि दर ठेवा, आणि बिलात A2 मधील कोडचा दर आणण्यासाठी हे सूत्र वापरा:

```
=VLOOKUP(A2,Rates!$A$2:$D$200,4,FALSE)
```

शेवटचे FALSE गाळल्यास यादीत नसलेल्या कोडलाही जवळपासच्या मालाचा दर लागू शकतो आणि बिल दिसायला बरोबरच दिसते.

रमेश: आमच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे किलोवर आणि बिजागऱ्या जोडीवर जातात. आम्ही सरळ बिलिंगचे सॉफ्टवेअर घेतले. तुम्हीही तेच घ्यावे.

शुभांगी: रमेशजी, दुकान लहान असल्याने सध्या शीटच हवी आहे. मेधाताई, दोन कोडांची गोष्ट पटली. उतरलेले दर बरोबर आहेत, हे कसे ओळखावे?

मेधा: Rates मध्ये दराशेजारच्या रकान्यात `=ISNUMBER(D2)` लिहून खाली ओढा. जेथे FALSE येईल, तेथे '42/-' सारखा मजकूर बसलेला असतो. मात्र १ चा ९ झाला असेल तर ही तपासणी काहीच सांगत नाही. त्यासाठी एकाने फोटोवरून दर मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने शीटवर खूण करावी. पेनाने खोडून दुरुस्त केलेल्या ओळी आधी घ्या, कारण तेथे खोडलेला जुना दरच उतरलेला असण्याचा संभव मोठा आहे. रिकामी एककेही त्याच वेळी फोटो पाहून भरा. वरची ओळ खाली ओढून भरू नका, कारण डाळीखालीच तेलाची पिशवी असेल तर तिला 'किलो' लागेल.

विनायक: 42 रुपयांचा मुद्दा मान्य आहे. पण Rates मधला दर उद्या बदलला, तर जुन्या बिलांतील रकमाही बदलतील ना?

मेधा: हो, बदलतील. मी बिल झाल्यावर ते केवळ मूल्ये म्हणून चिकटवते, परंतु गर्दीच्या वेळी ते राहून जाते. याहून सोपी पद्धत कोणाकडे असल्यास मलाही हवी आहे.