दरवर्षीची आवक सुटी धरायची की एकमेकांत गुंतलेली?

रबाळेकर: रबाळे एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. ४० लाखांचं सीएनसी मशीन घ्यायचं चाललंय. तीन वर्षं, दरवर्षी सरासरी १८ लाख सुटतील, प्रमाण विचलन ४ लाख, शेवटी मशीनची किंमत शून्य. बिनजोखमीचा ७ टक्के दर लावून एनपीव्ही ७.२४ लाख येतो. तो शून्याखाली जायची शक्यता आमचे सीए १२ टक्के सांगतात, बँकेतले साहेब २५ टक्क्यांजवळ. आकडे दोघांकडे तेच. बरोबर कोण?

नौपाड्याची: दोघांचं गणित बरोबर आहे, गृहीतक वेगळं. सीएंनी प्रत्येक वर्ष स्वतंत्र धरलं. मग प्रत्येक वर्षाच्या ४ लाखांना त्या वर्षाच्या डिस्काउंट फॅक्टरने गुणायचं, वर्ग करायचे आणि मग बेरीज. व्हेरियन्स ३६.८ येतो, विचलन ६.०७ लाख. साहेबांनी तिन्ही वर्षं एकाच दिशेने जाणार असं धरलं. तिथे आधी बेरीज, मग वर्ग: विचलन १०.५ लाख, व्हेरियन्स ११०. म्हणजे जवळपास तिप्पट. हिलियर नावाच्या अभ्यासकाने १९६३ मध्ये ही दोन टोकं मांडली, तेव्हापासून भांडण तेच आहे. तुमचं खरं उत्तर मधे कुठेतरी आहे.

ऐरोली_हिशोब: पण सरासरी एनपीव्ही दोन्हीकडे ७.२४ लाखच राहतो ना? मग निर्णय बदलतो कुठे? उगाच घाबरवू नका त्यांना.

नौपाड्याची: सरासरी बदलत नाही, हे खरं. मोठ्या कंपनीकडे असे पन्नास प्रकल्प असतील तर तुमचं म्हणणं चालेल. इथे मशीन एकच आहे आणि कर्ज मालकाच्या नावावर. वर्षं सुटी असतील तर वाईट वर्षाचा हप्ता पुढचं बरं वर्ष उचलतं. गुंतलेली असतील तर तीनही वर्षं लागोपाठ वाईट जातात आणि उचलायला कोणीच उरत नाही.

कळवा_नाका: सोपं आहे, दर ७ ऐवजी १२ लावा. जोखीम आली त्यात.

नौपाड्याची: दर वाढवून हे विचलन मोजलंत तर जोखीम दोनदा धरली जाते. शिवाय वर्षं एकमेकांत किती गुंतलीत हे त्या दरातून कळणारच नाही.

तुर्भे_पेटी: माझा अनुभव उलटा. मी वाशी मार्केटसाठी आंब्याच्या पेट्या बनवतो. हापूस एक वर्ष भरून येतो, पुढच्या वर्षी हात आखडतो. चांगल्या वर्षामागे पडकं वर्ष ठरलेलंच. मग माझी जोखीम जास्त कशी?

नौपाड्याची: तुमची कमीच आहे. वर्षं एकमेकांच्या विरुद्ध चालली की व्हेरियन्स स्वतंत्र वर्षांपेक्षाही खाली जातो. रबाळेकरांच्याच आकड्यांत लागोपाठच्या वर्षांचा सहसंबंध उणे ०.५ घातला तर विचलन ४.३ लाखांवर येतं. पण सीएनसीच्या कामाला आंब्यासारखा आड वर्षाचा बहर नसतो. रबाळेकर, काम किती गिऱ्हाइकांचं आहे?

रबाळेकर: निम्म्याहून जास्त एकाच गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्याचं. सीएंनी एक्सेलमध्ये हजार वेळा आकडे फिरवून १२ टक्के काढलेत, म्हणून विश्वास ठेवला.

घणसोली_एक्सेल: तिथेच पाणी मुरतंय. प्रत्येक वर्षाच्या सेलमध्ये वेगळा `RAND()` टाकला की वर्षं आपोआप सुटी होतात, कोणी ठरवो वा न ठरवो. हजार काय, लाख वेळा फिरवलं तरी विचलन ६.०७ च्या आसपासच येईल. फाइलमध्ये हेच दिसलं तर समजा की सहसंबंध घातलेलाच नाही. पहिलं वर्ष B2 मध्ये असेल आणि लागोपाठच्या वर्षांचा सहसंबंध ०.६ धरला तर असं करा:

```
B2: =NORM.INV(RAND(),18,4)
C2: =18+0.6*(B2-18)+NORM.INV(RAND(),0,3.2)
D2: =18+0.6*(C2-18)+NORM.INV(RAND(),0,3.2)
```

३.२ घेतल्याने प्रत्येक वर्षाचं विचलन ४ लाखच राहतं. विसरून तिथे ४ टाकलंत तर पुढची वर्षं नकळत फुगतात. यातून विचलन ८.६६ लाख आणि तोट्याची शक्यता २० टक्क्यांच्या आसपास येते.

ऐरोली_हिशोब: हे ०.६ आणलं कुठून? तीन-चार वर्षांच्या ताळेबंदातून सहसंबंध निघत नाही. मग हाही अंदाजच.

नौपाड्याची: अंदाजच आहे, मान्य. पण शून्य धरणं हाही अंदाजच, आणि तो माझ्या मते सगळ्यात कच्चा. कारण फक्त गिऱ्हाईक नाही. सरासरी १८ लाख हाच आकडा मुळात रबाळेकरांचा अंदाज आहे. तो चुकून १५ असेल तर तिन्ही वर्षी चुकेल. ऑर्डरी अगदी सुट्या येत असल्या तरी ही एक चूक सगळी वर्षं बांधून टाकते.

ऐरोली_हिशोब: हा मुद्दा पटला. तरीही ०.३ आणि ०.९ यांत कोणता धरायचा हे तुम्ही सांगू शकत नाही.

नौपाड्याची: नाही सांगू शकत. ०.३ ला शक्यता १६ टक्के, ०.९ ला २३ च्या थोडी वर. रबाळेकर, सीए आणि साहेब दोघांनाही हे दोन्ही आकडे दाखवा, आणि त्या एका गिऱ्हाइकाचं काम गेलं तर तीन वर्षांत काय उरतं ते वेगळं मांडा.

रबाळेकर: त्याचा करार दरवर्षी नव्याने होतो. तो सुटला तर १८ ऐवजी ९ धरावे लागतील. हे गणित आज रात्री मांडतो.