मदत हवी आहे: त्रिभाजनाच्या सिद्धतेत कोटींचा गुणाकार बारावीच्या पोट्ट्यांना कसा पटवायचा?

तालुक्याचं कॉलेज, बारावी विज्ञान. ६०° चा कोन कंपास आणि बिनखुणांच्या पट्टीने त्रिभागता का येत नाही, हे फळ्यावर इथवर आलं आहे.

c = cos 20° घेतलं तर 4c³ − 3c = 1/2. y = 2c ठेवलं की y³ − 3y − 1 = 0. परिमेय मूळ असलंच तर ते 1 किंवा −1. 1 टाकून −3 येतात, −1 टाकून 1. शून्य कुठंच नाही, म्हणून अवयव पडत नाहीत आणि Q(y) ची कोटी 3.

उलट, रेषा-वर्तुळांच्या प्रत्येक छेदात फार तर एक नवं वर्गमूळ येतं. पायरीला कोटी 1 किंवा 2, म्हणून शेवटच्या K ची कोटी 2ⁿ. Q(y) हे K च्या आत असेल, तर 3 ने 2ⁿ ला भाग जायला हवा.

गाडं अडतं ते या शेवटच्या वाक्यावर. "भाग का जायला हवा?" सदिश अवकाश त्यांना शिकवलेले नाहीत. Q(√2, √3) साठी 1, √2, √3, √6 मांडून 2 × 2 = 4 दाखवलं, पण तिथं आतलं क्षेत्रही वर्गमुळाचंच.

a + b√d मूळ तर a − b√d ही मूळ, मग तिसरं −2a एक पायरी खाली, ही वाट माहीत आहे. चालते, पण तिच्यात कोटी गायब होते. ९०° जमतो, गुण्याने कुठलाही कोन जमतो, तेही सांगून झालं.

तर K मधली प्रत्येक संख्या 1, y, y² च्या गटांत मांडून 3 हा विभाजक दिसेल, असं हाताने करता येणारं छोटं उदाहरण कोणतं घेऊ?