दर फोटोला हार्ट, पण तीन वर्षांत एक शब्द नाही

सुरंगी (हर्णै): रत्नागिरीला होस्टेलवर माझ्या खोलीत असलेली मैत्रीण आता पुण्यात असते. इन्स्टावर मी काहीही टाकलं, बंदरावरचा लिलाव असो की अंगणातली आंबोशी, पाच मिनिटांत तिचं हार्ट येतं. पण तीन वर्षांत तिचा स्वतःहून एक मेसेज नाही. गेल्या महिन्यात बाबांना दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा त्यांच्या हाताचा फोटो टाकून चार ओळी लिहिल्या. त्यालाही हार्ट! तिला मी आठवते, की नुसती अंगठ्याची सवय?

खाजणकाठ: सवय. दवाखान्याच्या फोटोला हार्ट देणाऱ्या माणसाने खालच्या ओळी वाचलेल्याच नाहीत. एवढा पुरावा पुरे.

दर्यावर्दी: मुलगा असेल तर थेट विचारून टाक. असं झुरण्यात अर्थ नाही.

सुरंगी: अहो, मैत्रीण आहे. बायकोमाणूस.

गडग्यापलीकडे: मी चार होमस्टेंची इन्स्टा पानं सांभाळतो, म्हणून यातली मेख ठाऊक आहे. खाजणकाठ, तुमचा पुरावा लंगडा आहे. फेसबुकवर 2016 पासून रडका चेहरा, आश्चर्य, राग असं निवडता येतं. इन्स्टाच्या पोस्टखाली फक्त हार्ट. ज्याला वाईट वाटलं तोही तेच दाबणार, नाहीतर लिहायला बसणार.

पाच मिनिटांचंही तसंच. तुम्ही कुणाच्या पोस्टना वारंवार हार्ट देत असाल तर इन्स्टा त्याच माणसाच्या पोस्ट तुम्हाला वर आणून दाखवतं. म्हणजे तिने सुरुवातीला आवडीने हार्ट दिली असतील, तरी पुढे तुमचा फोटो आपोआप तिच्या पुढ्यात येत राहतो. तिच्या घाईतला काही वाटा त्या यंत्राचा आहे. त्यावरून माया मोजू नका आणि तुटकपणाही मोजू नका.

पाहायचं ते वेगळं. तुमच्या होस्टेलच्या बाकी मैत्रिणींच्या फोटोंखाली तिचं नाव दिसतं का? सगळीकडे असेल तर अंगठ्याची सवय, फक्त तुमच्याकडे असेल तर काहीतरी आहे. मग तिला एकटीलाच एक मेसेज करा. ‘कशी आहेस’ नको, त्याला ‘मस्त’ म्हणून सुटता येतं. जे फक्त तुम्हा दोघींना ठाऊक आहे ते विचारा, आणि ती उलट काही विचारते का ते बघा.

मालवणी माणूस: माझो चुलतभाव तसोच. माझ्या सगळ्या फोटोंक अंगठो. गणपतीक घराक इलो, पाच दिवस रवलो, पण माझ्याशी धड बोलाक नाय. मुंबैक गेलो आणि परत अंगठो चालू!

खाजणकाठ: हेच म्हणतोय. बोलायचं नसतं, संबंध तुटलेलाही दिसू द्यायचा नसतो. फुकटात हजेरी लागते.

गडग्यापलीकडे: फुकट आहे हे खरं. मोइरा बर्क आणि रॉबर्ट क्रॉट यांचा 2016 चा फेसबुकवरचा अभ्यास आहे. जवळच्यांनी खास आपल्याला लिहिलेल्या शब्दांचा बरं वाटण्याशी संबंध दिसला, नुसत्या एका टिचकीचा नाही. तेव्हा सुरंगीताईंना कोरडं वाटलं यात नवल नाही. पण देणारीच्या मनात काय होतं ते त्यातून कळत नाही.

केवडा: मी त्या बाजूची आहे, म्हणून लिहिते. माझी नोकरी गेली तेव्हा मी सगळ्यांचे फोटो बघायचे, हार्ट द्यायचे, मेसेज कुणालाच नाही. मेसेज केला की समोरून ‘तू काय करतेस हल्ली?’ येणार. आमच्याकडे रस्त्याने जाणारा गडग्यावरून ‘काय, जेवलात?’ विचारून पुढे जातो. त्याला ओसरीवर बसायचं नसतं, पण त्याने विचारलेलं खोटंही नसतं.

खाजणकाठ: पण घरात आजारी माणूस आहे कळल्यावर तोच गडी ओसरीवर येऊन बसतो, केवडाताई. ही आली नाही.

केवडा: …हो. ते मलाही तेव्हा जमलं नव्हतं.

सुरंगी: बघितलं सगळं. आमच्या इतर दोघींच्या फोटोंना तिचं एकही हार्ट नाही. मग परवा विचारलं, ‘होस्टेलमागच्या रातांब्यावरून पडून तू वॉर्डनला काय सांगितलं होतंस?’ तर त्या मेसेजलाही हार्ट. मी कपाळावर हात मारला. आज पहाटे उत्तर आलं: ‘जिन्यावरून पडले म्हणाले होते. बाबा आता जेवतात का नीट?’

गडग्यापलीकडे: म्हणजे चार ओळी वाचल्या होत्या.

खाजणकाठ: वाचल्या होत्या, तर महिनाभर गप्प राहणं जास्तच वाईट. मी माझं मत बदलत नाही.

सुरंगी: उत्तर लिहायला घेतलंय सकाळपासून. चारदा पुसलं.