मदत हवी आहे: ऑक्साइडमधली खिडकी मास्कपेक्षा मोठी का होते?

आयसी कशी बनते ते नुकतंच शिकायला घेतलंय. सिलिकॉन वेफर साधारण 1000 अंश सेल्सिअसला वाफेत तापवून 0.5 मायक्रॉन ऑक्साइड वाढवायचा, त्यावर फोटोरेझिस्ट, मग मास्कमधून अतिनील प्रकाश आणि डेव्हलपर. इथवर कळलं. समजा रेझिस्टमध्ये 2 मायक्रॉनची खिडकी उघडली. आता हायड्रोफ्लोरिक आम्ल ऑक्साइड खातं, पण जितकं खाली तितकंच बाजूलाही, रेझिस्टच्या पोटाखाली. म्हणजे तळाशी 2 आणि वरच्या कडेला 3 मायक्रॉन, बरोबर ना? वेफरवर पाणी टिकेनासं झालं की ऑक्साइड संपला, असं वाचलं. पण त्यानंतरही वेफर आम्लात राहिला तर तळही रुंदावणार! मग मास्कवरची खिडकीच आधी लहान काढतात, की अशा वेळी प्लाझ्मा एचिंगच लागतं?