आईला कुलमुखत्यारपत्र समजावून सांगायचं आहे, मदत हवी आहे

मेघना_र
आईचं वय ७८, ती माझ्याकडे असते. तिच्या नावावर दुसऱ्या शहरात एक फ्लॅट आहे आणि तो भाड्यानं द्यायचा आहे. भाडेकरार, सोसायटीची कामं, दुरुस्ती यासाठी दर वेळी तिकडे जाणं तिला आता झेपत नाही. दादा तिथंच राहतो, म्हणून त्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचं ठरतंय.

चार पानी मसुदा आला, तो मी आईला वाचून दाखवला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे सही केली की घर त्याचं झालं. होऊ दे, तोही माझाच आहे." मी नाही म्हटलं खरं, पण मसुद्यात भाड्याबरोबर "विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे" असंही लिहिलंय, आणि शेवटच्या पानावर "सदर मुखत्यारपत्र अपरिवर्तनीय आहे" हे वाक्य. मग तिला ठामपणे काय सांगायचं ते मलाच कळेना.

दादावर माझा अविश्वास नाही. पण आईनं सही करावी ती समजून. तिला कसं सांगू: यानं नेमकं काय दिलं जातं, काय दिलं जात नाही, आणि उद्या मन बदललं तर परत कसं घ्यायचं?

सुहास_कट्टा
माझं ऐका, सरळ मृत्युपत्र करून टाका. फ्लॅट कोणाला द्यायचा ते त्यात लिहा, म्हणजे पुढे भावंडांत वाद नाहीत.

मेघना_र
सुहासजी, आईच्या पश्चात काय करायचं हा प्रश्न नाहीये. ती असतानाच भाड्याचं काम कोणी बघायचं, हा आहे.

नीलिमा_दूरदेशी
माझ्या सासूबाईंचं आम्ही इथे परदेशात केलंय. उशीर करू नका. पुढे विसराळूपणा वाढला, माणसं ओळखेनाशी झाली, तरी हा कागद चालत राहतो. त्यासाठीच तर करतात! आणि नको वाटलं तर स्टँपपेपरवर "रद्द केले" असं लिहून नोटरी करायची, झालं.

दस्तलेखक
तीस वर्षं असे मसुदे लिहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नीलिमाताई, तुम्ही म्हणता तशी सोय काही देशांत आहे, त्यासाठी तिथे वेगळा कायदा आहे. आपल्याकडे साधं मुखत्यारपत्र १८७२च्या करार कायद्यानं चालतं. त्यातल्या कलम २०१ प्रमाणे देणारा किंवा घेणारा वारला, किंवा दोघांपैकी कोणाची मानसिक क्षमता गेली, की अधिकार तिथेच संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी लोक हा कागद करून ठेवतात, नेमक्या त्याच दिवशी तो निकामी होतो. मग कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं म्हणजे क्षमता जाणं नव्हे, हेही आईंना जरूर सांगा.

मेघनाताई, आईंना पहिलं हे सांगा की मालकी त्यांचीच राहते. दादा सही करेल ती त्यांच्या वतीनं. उद्या आईंना स्वतः करारावर सही करावीशी वाटली तर त्या करू शकतात, हा कागद त्यांचा हात बांधत नाही. नुसत्या मुखत्यारपत्रानं घर कोणाच्या नावे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली सूरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट केलं आहे.

पण तुमच्या मसुद्यात विक्रीचा अधिकार आहे. त्या अधिकारानं दादानं रीतसर खरेदीखत केलं, तर मालकी घर विकत घेणाऱ्याकडे जाईल. म्हणून "घर त्याचं झालं का?" याचं उत्तर नाही असलं, तरी "तो ते विकू शकेल का?" याचं उत्तर या मसुद्यापुरतं हो आहे. आईंना हे दोन प्रश्न वेगळे करून सांगा. काम भाड्याचं असेल तर विक्री, गहाण, बक्षीस हे तिन्ही शब्द काढायला लावा. खास मुखत्यारपत्र करा: हाच फ्लॅट, एका वेळी ११ महिन्यांपर्यंतचा करार, भाडं फक्त आईंच्या खात्यात, आणि दोन वर्षांनी मुदत संपणार. "व इतर सर्व कामे" अशी मोघम ओळ असेल तर तीही काढा. तिच्यावरूनच पुढे ताणाताणी होते.

"अपरिवर्तनीय" या शब्दाला घाबरू नका, पण तो ठेवूही नका. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मालमत्तेत असेल, म्हणजे त्यानं त्यापोटी पैसे दिले असतील वगैरे, तर कलम २०२ त्याला संरक्षण देतं. दादाचं तसं काही नाही, त्यामुळे नुसत्या शब्दानं आईंचा रद्द करण्याचा हक्क जात नाही. मात्र भांडायला निमित्त मिळतं.

वामन_ज
रद्द करण्याबद्दल आमच्या घरचा अनुभव सांगतो. काकांनी पुतण्याला दिलेलं मुखत्यारपत्र रद्द केलं, नोटरीही केली आणि कागद कपाटात ठेवला. पुतण्याला कळवलं, पण भाडेकरूला कोणी सांगितलंच नाही. पुतण्यानं पुढचे पाच महिने भाडं घेतलं. काका भाडेकरूकडे मागायला गेले तर तो म्हणाला, मला काय माहीत? अखेर ते पैसे पुतण्याकडूनच वसूल करावे लागले.

दस्तलेखक
वामनराव, तुमचा भाडेकरू बरोबर होता. कलम २०८ तेच सांगतं. रद्द झाल्याचं मुखत्याराला कळेल तेव्हा त्याच्यापुरतं ते लागू होतं, आणि तिऱ्हाइताला कळेल तेव्हा तिऱ्हाइतापुरतं. म्हणून नुसती नोटरी पुरत नाही. मूळ दस्त नोंदवलेला असेल तर रद्दपत्रही नोंदवायचं. मग दादाला पोचपावतीसह नोटीस, भाडेकरू, सोसायटी आणि बँकेला पत्र, आणि मूळ कागद परत ताब्यात. विक्रीचा अधिकार दिलेला असेल तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्यावी. रद्द करण्याआधी रीतसर झालेली कामं मात्र आईंवर बंधनकारक राहतात, म्हणजे चालू भाडेकरार मोडत नाही.

मेघना_र
काल आईशी बोलले. या वेळी मसुदा वाचून दाखवला नाही, तिलाच प्रश्न विचारले. "आई, भाडं कोणाच्या खात्यात येणार?" "माझ्या." "दादा घर विकू शकेल?" यावर ती थांबली. म्हणाली, "आधीच्या कागदात शकत होता, नव्यात नाही." मग तिनंच मला विचारलं, "मी रागावून फोनवर म्हटलं की आता बघू नकोस, तर ते संपलं का?" याला काय सांगू?

दस्तलेखक
कायद्यानं तोंडी रद्द करणंही चालू शकतं, पण पुढे ते सिद्ध कोण करणार? आणि भाडेकरूला तो फोन ऐकू गेलेला नसतो. रद्द करणं लेखीच होईल, असं मसुद्यात एक वाक्य घालून घ्या. रागाच्या भरातला फोन आणि खरा निर्णय यांत गल्लत होणार नाही.

नीलिमा_दूरदेशी
माझी माहिती इथलीच होती, क्षमस्व. पण मग मेघना, आईंना खरंच विस्मरण सुरू झालं तर नेमक्या कोणत्या तारखेपासून हा कागद बंद धरायचा? ते ठरवणार कोण?

दस्तलेखक
तिथेच वाद होतात. कागदावर अशी तारीख लिहून ठेवता येत नाही. डॉक्टरांचं मत पुरावा म्हणून कामी येतं, पण वाद झाला तर शेवटी कोर्टच ठरवतं. सहीच्या दिवशी आईंना सगळं समजत होतं असं डॉक्टरांचं पत्र निदान घेऊन ठेवा.

मेघना_र
पत्रासाठी शुक्रवारची वेळ घेतली आहे. दादाला नवा मसुदा पाठवला. त्यानं दोन वर्षांची मुदत मान्य केली, पण दुरुस्तीचा खर्च आईला न विचारता किती रकमेपर्यंत करता यावा यावर आमचं अजून ठरत नाहीये. आई म्हणते, तो आकडा मीच सांगणार.